गल्ला भाड्याइतका झाला म्हणजे दुकान सुटले का?

“महिन्याचा गल्ला भाडे, पगार आणि वीजबिलाइतका झाला की दुकान तोट्यातून बाहेर आले, असेच ना?”

नाही, कारण गल्ल्यातल्या प्रत्येक रुपयाचा मोठा हिस्सा मालाच्या खरेदीत आधीच गेलेला असतो. समजा, वडापावच्या एका गाळ्याचे भाडे १२,०००, मदतनिसाचा पगार १०,००० आणि वीजबिल २,००० रुपये आहे. वडे कितीही खपले तरी हा २४,००० रुपयांचा खर्च टळत नाही, म्हणून तो स्थिर खर्च. वडापाव २० रुपयांना विकला, तर पाव, बटाटा, बेसन, तेल, चटणी, गॅस आणि कागद यांत १२ रुपये जातात. उरलेले ८ रुपयेच स्थिर खर्च भागवायला कामी येतात.

२४,००० ला ८ ने भागले की ३,००० वडापाव, म्हणजे ६०,००० रुपयांची विक्री, हा ना-नफा-ना-तोटा बिंदू मिळतो. महिन्यात २६ दिवस गाळा उघडा राहिला, तर रोज सुमारे ११६ वडापाव. गल्ला २४,००० वर थांबला, तर १,२०० वडापावांतून ९,६०० रुपयेच सुटतात आणि १४,४०० रुपयांचा तोटा होतो.

तेल महागून खर्च १३ रुपये झाला, तर हाच बिंदू ३,४२९ वडापावांवर सरकतो. संध्याकाळी उरलेले, फेकावे लागलेले वडे या हिशेबात धरलेले नाहीत, आणि मालकाची स्वतःची मजुरीही नाही. ती स्थिर खर्चात न धरणे ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते.