शेड्यूल पोस्टचं अप्रूव्हल

शेड्यूल पोस्टचं अप्रूव्हल म्हणजे अशी कामाची पद्धत ज्यात पोस्ट लिहिणारा एक, ती बघून हो म्हणणारा दुसरा (बहुतेक वेळा मॅनेजर किंवा संपादक), आणि प्रत्यक्षात ती लाइव्ह करणारं सॉफ्टवेअर तिसरं. लिहिणारा पोस्ट तयार करतो, तारीख-वेळ टाकतो आणि रिव्ह्यूला पाठवतो, मॅनेजर ती मंजूर करतो किंवा शेरा मारून परत पाठवतो, आणि मंजूर झालेली पोस्ट ठरलेल्या वेळी आपोआप जाते, तेव्हा कुणी कॉम्प्युटरसमोर बसलेलं असायची गरज नसते. ऐकायला हे अगदी साधं वाटतं, एक बटण जास्त एवढंच. पण 'हो' म्हटल्याचा क्षण आणि पोस्ट गेल्याचा क्षण यात काही तास, कधी काही दिवस असतात, आणि या पद्धतीतली जवळजवळ सगळी गडबड या मधल्या वेळात होते.

पोस्ट कुठल्या कुठल्या अवस्थांतून जाते ते आधी बघू. मसुदा, रिव्ह्यूला गेलेली, मंजूर होऊन वेळेची वाट बघणारी, आणि लाइव्ह. वर्डप्रेसमध्ये यांनाच `draft`, `pending`, `future` आणि `publish` अशी नावं आहेत. तिथे काँट्रिब्युटर ही भूमिका असलेल्या माणसाला पब्लिशचं बटण मिळतच नाही, त्याच्या जागी रिव्ह्यूला पाठवायचं बटण येतं, आणि गंमत म्हणजे त्याला तारीखही निवडता येत नाही, म्हणजे वेळ ठरवणं हा मंजुरी देणाऱ्याचाच अधिकार धरलाय. एकदा पोस्ट शेड्यूल झाली की काँट्रिब्युटरला ती बदलताही येत नाही. याच्या एक पायरी वरची भूमिका म्हणजे ऑथर, आणि ऑथरला स्वतःची पोस्ट स्वतःच शेड्यूल करता येते, नंतर बदलताही येते. त्यामुळे 'आमच्याकडे रिव्ह्यू आहे' म्हणणाऱ्या टीममध्ये सगळ्यांना ऑथर करून ठेवलं असेल तर तो रिव्ह्यू फक्त तोंडी आहे, सॉफ्टवेअर कुणालाच अडवत नाही. सोशल मीडियाच्या शेड्यूलिंग टूल्समध्ये नावं वेगळी असतात आणि तिथे वेळ सहसा लिहिणाराच सुचवतो, बाकी सांगाडा हाच.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. एका ऑनलाइन कार्यशाळेची नोंदणी शुक्रवारी बंद होणार आहे आणि त्याची आठवण करून देणारी पोस्ट शुक्रवारी सकाळी १० ला जायची आहे. लिहिणारीने बुधवारी दुपारी पोस्ट रिव्ह्यूला टाकली, मजकूर असा: 'नोंदणी आज रात्री १२ पर्यंतच!' मॅनेजरने परत पाठवली, शेरा लिहिला की 'रात्री १२ म्हणजे नक्की कधी, शुक्रवार सुरू होतानाचे की संपतानाचे? ११:५९ लिही आणि वार टाक.' हा रिव्ह्यूचा खरा उपयोग. शुद्धलेखन कुणीही तपासेल, पण लिहिणाऱ्याच्या डोक्यात जे गृहीत असतं ते दुसऱ्यालाच खटकतं. तिने 'शुक्रवार रात्री ११:५९ पर्यंत' केलं, ही दुसरी आवृत्ती, आणि गुरुवारी संध्याकाळी ५ ला मॅनेजरने ती मंजूर केली.

इथपर्यंत सगळं छान. पण साडेसहाला तिच्या लक्षात आलं की एका शब्दाची वेलांटी चुकलीय, म्हणून तिने पोस्ट उघडली, वेलांटी नीट केली आणि उघडलीच आहे तर लिंकही नवीन फॉर्मची टाकून सेव्ह केली. आता ही तिसरी आवृत्ती, आणि मॅनेजरने ती बघितलेली नाही. मंजुरी कशाला दिली होती, पोस्टला की त्या मजकुराला? नीट बनवलेल्या टूलमध्ये उत्तर एकच असतं: मंजुरी त्या आवृत्तीला असते, मजकूर, चित्र, लिंक किंवा वेळ यातलं काहीही बदललं की मंजुरी उडते आणि पोस्ट परत रिव्ह्यूत जाते. ढिसाळ टूलमध्ये 'मंजूर' हा पोस्टला चिकटवलेला एक टिकमार्क असतो आणि आतला मजकूर बदलला तरी तो तसाच हिरवा राहतो. तुमचं टूल कुठल्या जातीचं आहे हे कळायला पाच मिनिटं पुरतात, एक टेस्ट पोस्ट मंजूर करून घ्या, त्यात एक अक्षर बदला आणि अवस्था काय दाखवतंय ते बघा.

लोक यावर कुरकुर करतात की वेलांटीसाठी परत मंजुरी कशाला, आणि ती कुरकुर अगदीच चुकीची नाही. पण बदल छोटा की मोठा हे सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही, 'आहे' चं 'नाही' करायलाही दोनतीन अक्षरंच लागतात. त्यावरचा बरा तोडगा म्हणजे मॅनेजरला दुसऱ्या वेळी पूर्ण पोस्ट न दाखवता मागच्या मंजूर आवृत्तीपेक्षा काय बदललं तेवढंच रंगवून दाखवायचं, मग दुसरी मंजुरी दहा सेकंदात होते आणि बदललेली लिंकही नजरेतून सुटत नाही.

आपल्या उदाहरणातलं टूल नीट होतं, म्हणून मंजुरी उडाली. तसं नोटिफिकेशनही गेलं, पण मॅनेजर तोवर घरी. शुक्रवारचे १० वाजले, पोस्ट रिव्ह्यूतच. मंजुरी नसताना वेळ आली तर पोस्ट जायची नाही, हा या पद्धतीचा पाया आहे, आणि 'मॅनेजरने अमुक तासांत नाही म्हटलं नाही तर पाठवून दे' असा उलटा नियम जिथे असतो तिथे अप्रूव्हल आहे असं म्हणू नये, ती फक्त पूर्वसूचना झाली. मॅनेजरने ११:२० ला फोन बघितला आणि मंजूर दाबलं. आता काय व्हायला हवं?

इथे टूल तीन प्रकारे वागतात. काही लगेच पोस्ट करतात, कारण वेळ होऊन गेलेली आहे. काही जुनीच वेळ धरून पोस्ट करतात, वर्डप्रेसमध्ये पेंडिंग पोस्टवर मागची तारीख टाकलेली असेल आणि ती तशीच पब्लिश केली तर ती त्या मागच्या तारखेने लागते, म्हणजे नवीन असून यादीत खाली जाऊन बसते आणि लोक म्हणतात पोस्ट गेलीच नाही. तिसरा प्रकार म्हणजे मंजुरी घेताना टूल सांगतं की ठरलेली वेळ उलटलीय, नवीन वेळ द्या. माझ्या मते तिसरंच बरोबर, थोडं कटकटीचं असलं तरी. शुक्रवारी ११:२० ला ती पोस्ट लगेच गेली तरी चालली असती, पण हेच मॅनेजरने शनिवारी सकाळी दाबलं असतं तर बंद झालेल्या नोंदणीची आठवण लोकांना गेली असती. मजकूर तोच, वेळ बदलल्यावर खोटा. म्हणून मंजुरी फक्त मजकुराला नसते, मजकूर आणि वेळ या जोडीला असते.

वेळेवरून आठवलं, टाइमझोन. लिहिणारा एका देशात आणि मॅनेजर दुसऱ्या देशात असेल तर 'सकाळी १०' ही प्रत्येकाला आपापली सकाळ वाटते. सिस्टिमच्या पोटात वेळ यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेत ठेवतात ते ठीक, पण मॅनेजरच्या स्क्रीनवर वेळेसोबत झोनचं नाव नसेल तर तो नक्की कशाला हो म्हणतोय हे त्यालाच माहीत नसतं.

मंजूर झालेली पोस्ट वेळ झाल्यावर जाते ती एका मागे चालणाऱ्या जॉबमुळे, जो ठराविक वेळाने उठून कुणाची वेळ झालीय ते बघतो. त्या जॉबने पाठवायच्या क्षणी परत एकदा तपासायला हवं की पोस्ट अजून मंजूर आहे का, कारण ९:५९ ला कुणीतरी ती मागे घेतलेली असू शकते. काल रांगेत टाकली तेव्हा मंजूर होती, एवढ्यावर विसंबलं की मागे घेतलेली पोस्ट डोळ्यांदेखत लाइव्ह जाते. डेटाबेसमध्ये ही तपासणी साधारण अशी दिसते:

```
UPDATE posts SET status = 'sending'
WHERE id = 41
  AND status = 'approved'
  AND approved_version = version
  AND publish_at <= NOW();
```

एक ओळ बदलली तर पाठवायचं, शून्य बदलल्या तर गप्प बसायचं. तपासणी आणि अवस्था बदलणं एकाच झटक्यात होत असल्यामुळे दोन जॉब एकदम उठले तरी दोघांपैकी एकालाच ओळ मिळते, म्हणजे पोस्ट दोनदा जायचा एक मोठा मार्गही इथेच बंद होतो. वर्डप्रेसही पाठवताना पोस्ट अजून `future` आहे का आणि वेळ खरंच झालीय का ते बघतं, पण त्याचा हा जॉब मुळात कुणीतरी साइट उघडली की चालतो, त्यामुळे ज्या साइटवर पहाटे कुणी फिरकत नाही तिथे पहाटे ५ ची पोस्ट ८ ला जाऊ शकते. पोस्टच्या यादीत `Missed schedule` असं लाल अक्षरात दिसलं तर दोष मॅनेजरचा नाही, मंजुरी झाली होती, जॉब वेळेत चालला नाही. यावर उपाय म्हणजे सर्व्हरच्या खऱ्या क्रॉनला, म्हणजे कुणी साइट उघडो न उघडो ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या यंत्रणेला, ते काम देणं.

या सगळ्यातून जे सुटतं ते पोस्टच्या बाहेरचं. लिंक तीच राहते पण लिंकमागचं पान मंजुरीनंतर कुणी बदललं तर टूलला त्याचा पत्ता नसतो, आणि पोस्टखाली जे प्रिव्ह्यू कार्ड दिसतं त्यातलं शीर्षक आणि चित्र त्या पानावरूनच येतं (चित्र `og:image` मधून), म्हणजे मॅनेजरने बघितलेलं कार्ड आणि लोकांना दिसलेलं कार्ड वेगळं असू शकतं. तसंच सोमवारी मंजूर केलेली हसतीखेळती पोस्ट गुरुवारी जायची असते आणि बुधवारी रात्री मोठी दुर्घटना होते. पोस्टमध्ये काहीच बदललेलं नसतं, त्यामुळे कुठलाही नियम तिला अडवत नाही. यासाठी सगळी रांग एकदम थांबवायचं बटण लागतं, आणि ते एकट्या मॅनेजरकडे न ठेवता लिहिणाऱ्यांनाही द्यावं, कारण थांबवायला मंजुरी लागायला लागली तर मंजुरी देणाराच झोपलेला असतो. परत सुरू करायचा हक्क मात्र मॅनेजरकडे. सुरू करताना अडकलेल्या पोस्टी एकामागोमाग धडाधड जाऊ नयेत, ज्यांची वेळ उलटलीय त्या परत रिव्ह्यूत जाव्यात, वरच्या शुक्रवारच्या पोस्टसारख्याच.