पन्नास मीटरचा पत्रा आणि एकच पक्की जागा

चाकण किंवा भिवंडीकडच्या नव्या गोदामांचं छप्पर वरून पाहायला मिळालं, तर एक गोष्ट नजरेत भरते. जुन्या कारखान्यांच्या पन्हाळी पत्र्यावर ओळीने जे-हुकांची नाहीतर स्क्रूंची डोकी असतात. इथे आढ्यापासून वळचणीपर्यंत नुसत्या उभ्या कडा सरळ धावत गेलेल्या असतात आणि मधल्या सगळ्या भागात एकही स्क्रू दिसत नाही. या प्रकाराला बांधकामवाले स्टँडिंग सीम म्हणतात. स्क्रू गायब करण्यामागे गळती टाळणं हे कारण आहेच, पण ते अर्धंच कारण. उरलेलं अर्धं म्हणजे पत्र्याला हलू देणं.

पोलादाचा एक मीटर लांब तुकडा एक अंश सेल्सिअस तापला की साधारण १२ मायक्रॉन वाढतो, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा आणि थोडं वर. जुन्या शेडवर तीन मीटरचे पत्रे एकावर एक चढवलेले असत. असा पत्रा हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेमधल्या दुपारपर्यंत जेमतेम दोन-सव्वादोन मिलिमीटर लांबायचा. हुकाचं भोक थोडं ऐसपैस असायचं, वॉशर थोडा सरकायचा आणि काम निभून जायचं. मात्र दर तीन मीटरवर एक जोड, आणि प्रत्येक जोडात पाणी उलटं चढण्याची भीती. म्हणून छपराला चांगला उतार द्यावा लागे. शंभर मीटर रुंद गोदामाला तसा उतार द्यायचा तर आढं कुठल्या कुठे जाईल. त्यावर तोडगा म्हणजे पत्र्याची गुंडाळीच जागेवर आणायची, यंत्रातून घडवायची आणि आढ्यापासून वळचणीपर्यंत अखंड पट्टा टाकायचा. जोड संपले आणि उतार कमी चालू लागला, पण शेडभर वाटली गेलेली ती दोन-दोन मिलिमीटरची हालचाल आता एकाच पट्ट्यात गोळा झाली.

ती किती होते ते एका गोदामावर मोजून पाहू. रुंदी १०० मीटर, आढं मधोमध, म्हणजे प्रत्येक बाजूचा पत्रा ५० मीटरचा. दर अंशाला तो ०.६ मिलिमीटर हलणार. आता तापमान घ्यायचं ते हवेचं नाही, पत्र्याचं. एप्रिल-मेच्या उन्हात पत्रा ७० अंशांपर्यंत जाऊ शकतो. उलट जानेवारीच्या निरभ्र पहाटे तो उघड्या आकाशाकडे उष्णता फेकत राहतो आणि हवेपेक्षाही थंड होतो. छपरावर दव साचतं ते म्हणूनच. तेव्हा तो ५ अंश धरू. फरक ६५ अंशांचा, हालचाल ३९ मिलिमीटर. अॅल्युमिनियमचा पत्रा असता तर जवळपास दुप्पट.

हे चार सेंटिमीटर सावकाश, ऋतूप्रमाणे घडतात असंही नाही. तापलेल्या छपरावर वळवाचा पाऊस कोसळला की पत्रा काही मिनिटांत पस्तीसेक अंशांनी उतरतो आणि वीस-एकवीस मिलिमीटर आखडतो. आत उभं राहिलं तर ते ऐकूही येतं.

मग हा पत्रा धरायचा कसा? शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांच्या कडा उभ्या वळवलेल्या असतात. छपरावर चालणारं एक विजेचं यंत्र त्या कडा एकमेकींत दोनदा दुमडत पुढे जातं. डबाबंद आमरसाच्या डब्याचं झाकण ज्या दुहेरी घडीने कडेला बसवलेलं असतं, तशीच ही शिवण. तांब्या-जस्ताच्या पत्र्यांवर ही घडी हाताने घालणारे कारागीर युरोपात फार पूर्वीपासून होते. कारखान्यांच्या मोठ्या पोलादी छपरांसाठी ती यंत्राने घालायची पद्धत अमेरिकेतल्या बटलर कंपनीने १९६९ मध्ये एमआर-२४ या नावाने बाजारात आणली आणि तिथून ती पसरली.

पत्र्याला खालच्या सांगाड्याशी बांधणारी क्लिप याच घडीत दडलेली असते. तिचे दोन भाग असतात. खालची बैठक पर्लिनला, म्हणजे छपराच्या आडव्या पोलादी पट्टीला, स्क्रूने घट्ट बसते. वरची पातळ जीभ शिवणीत दुमडली जाते. बैठकीला लांबट खाच असते आणि जीभ तिच्यात पुढेमागे सरकते. वारा पत्र्याला वर ओढायला लागला तर क्लिप सोडत नाही, पण पत्रा लांबीच्या दिशेने सरकला तर जीभ त्याच्याबरोबर जाते. स्क्रू पर्लिनमध्येच राहतो आणि पत्र्याला भोक पडत नाही.

सगळ्याच क्लिपा सरकत्या ठेवल्या तर पत्रा हळूहळू उताराने खाली जाईल. म्हणून त्याला कुठेतरी एकदा पक्कं बांधावंच लागतं. एकदाच, हे महत्त्वाचं. ती जागा ठरली की बाकी सगळं तिच्यावरून ठरतं, कारण कुठल्याही बिंदूची हालचाल ही त्या पक्क्या जागेपासूनच्या अंतराच्या प्रमाणात असते.

आपल्या गोदामात पत्रा वळचणीला पक्का करतात असं धरू. तिथे स्क्रू आणि चिकट सीलंटची पट्टी मारून कड पावसापासून बंद करता येते, आणि वाऱ्याचा मोठा जोर येतो त्यांपैकी ही एक जागा असल्याने पकडही चांगली मिळते. मग सगळी हालचाल आढ्याकडे जाते. पत्रा ३० अंशांवर असताना बसवला असेल, तर उन्हाळ्यात तो २४ मिलिमीटर वर सरकेल. समोरच्या उताराचा पत्राही तेवढाच येणार, म्हणजे आढ्यावरची फट ४८ मिलिमीटरने कमी होणार. थंडीत तीच ३० मिलिमीटरने वाढणार. आढ्यावरचं झाकण सपाट पत्र्याचं करून दोन्हीकडे स्क्रू मारले तर ते पहिल्याच वर्षी वाकतं, मग फाटतं. म्हणून त्याला मध्ये लवचीक घडी असावी लागते.

आढ्याला पक्कं केलं तर उलट: आढं शांत, वळचण हलती. मग पत्र्याचं टोक पन्हळीवर इतकं पुढे हवं की थंडीत आखडल्यावरही पाणी पन्हळीतच पडेल. मधोमध बांधलं तर प्रत्येक टोकाची हालचाल निम्मी होते, पण दोन्ही टोकं सुटी सांभाळावी लागतात. यातला कुठला पर्याय बरोबर, हे आराखडा करणाऱ्याने ठरवायचं असतं. चूक एकच, दोन जागा पक्क्या करणं. आणि ती आराखड्यात फारशी होत नाही. ती छपरावर होते, "वाऱ्याला नको उडायला" म्हणून कोणीतरी जाताजाता मारलेल्या चार जादा स्क्रूंनी.

त्या चार स्क्रूंवर काय येतं? अर्धा मिलिमीटर जाड आणि उलगडून ६०० मिलिमीटर रुंद पट्ट्याचा छेद ३०० चौरस मिलिमीटरचा. दोन्ही टोकं जखडलेली असताना तो ३० वरून ७० अंशांवर गेला, तर हिशेबाने साधारण तीन टनांचा दाब येतो. प्रत्यक्षात तो तेवढा येत नाही, कारण इतका पातळ पत्रा आधीच फुगून मोकळा होतो. उन्हाळ्याचं नुकसान म्हणून डोळ्यांना दिसतं: सपाट भागात लाटा, फुगवटे. थंडीत गोष्ट वेगळी. ३० वरून ५ अंशांवर येताना पावणेदोन टनांच्या आसपास ताण येतो, आणि ताणात पत्र्याला फुगून सुटका नाही. सगळा भार स्क्रूंवर जातो. भोक लांबट होतं, वॉशर त्याला पुरेनासा होतो. गळती जूनमध्ये दिसते आणि दोष पावसावर जातो, पण भोक वाढलेलं असतं ते जानेवारीच्या रात्री. छपरावर चढून स्क्रूच्या डोक्याखाली लांबट भोक दिसलं, तर सीलंट भरून उपयोग नाही. आधी तो पत्रा दुसरीकडे कुठे अडकलाय ते शोधायला हवं.

दुसरी चूक जास्त सूक्ष्म आहे. क्लिपची जीभ खाचेत दोन्हीकडे २५ मिलिमीटर सरकते असं समजा, आणि कामगार ती नेमकी मध्यभागी ठेवून बसवतो. पत्रा ३० अंशांवर असेल तर हे ठीक. पण काम मे महिन्याच्या दुपारी चाललं असेल आणि पत्रा ५० अंशांवर असेल, तर त्याला पुढे वाढायला फक्त १२ मिलिमीटर हवेत आणि आखडायला २७. म्हणजे आढ्याजवळच्या क्लिपा पहिल्या कडक थंडीत खाचेच्या टोकाला जाऊन अडतील. म्हणून दूरच्या टोकाकडच्या क्लिपांची जीभ मुद्दाम एका बाजूला ठेवून बसवावी लागते. किती, ते त्या दिवशीच्या पत्र्याच्या तापमानावरून ठरतं. हे तापमान लेसर थर्मामीटरने घ्यायला मिनिटही लागत नाही. पण छपराच्या कामावर तो क्वचितच कोणाच्या हातात दिसतो.

पत्रा सरकता ठेवण्याची एक किंमत मात्र मोजावी लागते, आणि ती सांगाड्यात. स्क्रूने बांधलेला पत्रा पर्लिनांना वरून एकत्र धरून ठेवतो, त्यांना आडवं वळू देत नाही. सरकत्या क्लिपांवरचा पत्रा हे काम फारसं करत नाही. म्हणून पर्लिनांना आपसात बांधणाऱ्या सळ्या किंवा पट्ट्या वेगळ्या द्याव्या लागतात. जुन्या शेडचा पत्रा काढून त्याच सांगाड्यावर स्टँडिंग सीम टाकायचं ठरलं, की हा हिशेब नव्याने करायलाच हवा.

ही हालचाल अमर्याद वाढवता येत नाही. पत्रा इतका लांब झाला की क्लिपची खाच पुरेना, तर उतारात मध्येच एक पायरी घेतात. वरचा पत्रा खालच्यावर मोकळा पुढे येतो आणि दोघांना आपापली पक्की जागा मिळते.

अलीकडे यात सोलर पॅनेलची भर पडली आहे. स्टँडिंग सीमवर पॅनेल बसवणं सोयीचं, कारण शिवणीला बाहेरून चिमटा लावता येतो आणि भोक पाडावं लागत नाही. पण चिमटा नेमका क्लिपच्या जागी आवळला, तर आतली जीभही त्यात चेपते, सरकेनाशी होऊ शकते, आणि कोणाच्या लक्षात न येता पत्र्याला दुसरी पक्की जागा तयार होते. क्लिपा वरून दिसत नाहीत. त्या पर्लिनांवर असतात आणि पर्लिनांची अंतरं गोदामात उभं राहून मोजता येतात. ती मोजून वर खडूने खुणा केल्या आणि चिमटे दोन खुणांच्या मध्ये घेतले, तर पत्रा पूर्वीसारखाच हलत राहतो. हलतोय की नाही हेही तपासता येतं: पहाटे आढ्याजवळ पत्रा आणि त्याखालची पर्लिन यांच्यावर सलग एक रेघ ओढायची आणि दुपारी दोन वाजता ती तुटून किती सरकली ते पट्टीने मोजायचं. पहाटे पत्रा १५ अंशांवर आणि दुपारी ५५ वर असेल, तर आपल्या ५० मीटरच्या पट्ट्यावर हे अंतर २४ मिलिमीटरच्या जवळपास यायला हवं. सात-आठच आलं, तर मध्ये कुठेतरी तो अडकलाय.