मूळ चित्र घेताना: नोंदीतल्या ओळींचा अर्थ आणि चित्र तुमच्या घरी कसं पोहोचतं

आमच्याकडच्या प्रत्येक चित्राखाली पाच-सहा ओळींची नोंद असते. फोटो आवडला की बरेच जण नोंद न वाचताच ऑर्डर देतात आणि मग फोनवर विचारतात, "फ्रेम येणार ना?" किंवा "गुंडाळून पाठवा ना, कुरियर स्वस्त पडेल." या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या ओळींतच असतात. म्हणून एकच चित्र घेऊन त्याची नोंद इथे उलगडून सांगतो आहोत.

मेणवलीचा घाट, संध्याकाळ
24 × 36 इंच (चित्राचा आकार)
तैलरंग, लिनन कॅनव्हासवर. ब्रश आणि पॅलेट नाइफ
सही: समोर उजवीकडे खाली, मागे नाव, शीर्षक, साल
गेल्या नोव्हेंबरात पूर्ण. अंतिम वॉर्निश नाही
स्ट्रेचरवर ताणलेलं, फ्रेम नाही
पाठवणी: स्ट्रेचरसह, लाकडी पेटीत. गुंडाळता येणार नाही

माध्यम आणि पृष्ठभाग

वाईजवळच्या मेणवलीत कृष्णेकाठी नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. या चित्रात घाटाच्या पायऱ्यांवर उतरतं ऊन पडलंय. पाणी आणि आकाश पातळ रंगात, ब्रशने केलं आहे. पायऱ्यांच्या उन्हाच्या कडा मात्र नाइफने जाड रंग ओढून उभ्या केल्या आहेत. काही ठिकाणी हा थर दोन-तीन मिलिमीटर वर आला आहे. "ब्रश आणि पॅलेट नाइफ" एवढ्या चार शब्दांत हे सगळं येतं, आणि पाठवणीचा निर्णयही त्यावरच ठरतो.

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतं. पातळ थर काही दिवसांत हाताला कोरडा लागतो. जाड थरावर मात्र आधी साय धरते आणि आत तो कित्येक महिने मऊ राहतो. म्हणून पूर्ण झाल्याचा महिना आम्ही नोंदीत देतो. नोव्हेंबरात संपलेलं हे चित्र मे महिन्यात वरून कोरडं वाटेल, पण पायऱ्यांच्या कडेवर नख दाबलं तर खूण उमटू शकते. कृपया दाबून पाहू नका, आमच्या शब्दावर विश्वास ठेवा.

अंतिम वॉर्निश नसण्याचं कारणही हेच. वॉर्निशचा थर घाईने दिला तर खालचा रंग नीट वाळत नाही आणि पुढे तडे जाऊ शकतात. सहा महिने ते वर्षभर थांबण्याची जुनी रीत आम्ही पाळतो, आणि इतक्या जाड रंगाला पूर्ण वर्ष देतो. तोवर उजेडात तिरकं पाहिलं तर वाड्याच्या सावलीत, तपकिरी रंगात, काही जागा कोरड्या आणि निस्तेज दिसतील. तिथे खालच्या थराने वरचं तेल शोषून घेतलं आहे. रंग खराब झालेला नाही. वर्षानंतर वॉर्निश लागलं की सगळीकडे सारखी चमक येते. चित्र आमच्याकडे आणलंत तर हे काम आम्ही विनामूल्य करून देतो.

ॲक्रिलिकची गोष्ट वेगळी. ते तासाभरात वाळतं, पण त्याची साय उन्हाळ्यात मऊ पडते आणि प्लास्टिकला चिकटते. त्यामुळे ॲक्रिलिकच्या पृष्ठभागाला आम्ही बबल रॅप किंवा साधं प्लास्टिक कधीच लागू देत नाही. गरम गाडीत दोन दिवस राहिलं तर बबलचे गोल ठसे रंगावर कायमचे उमटतात. अशा चित्रावर सिलिकॉन लावलेला, न चिकटणारा कागद घालावा लागतो.

सही

कलाकाराने देवनागरीत, पातळ केलेल्या तपकिरी रंगाने सही केली आहे. मागे कॅनव्हासवर नाव, शीर्षक आणि साल आहे, सोबत चित्राचा फोटो असलेलं प्रमाणपत्र येतं. समोरच्या सहीचा जवळून घेतलेला फोटो आम्ही वेगळा देतो, कारण फ्रेम लावल्यावर तिची आतली कड चारही बाजूंनी साधारण 6 मिलिमीटर चित्र झाकते. सही कोपऱ्याला टेकून असेल तर अर्धी आत जाते. फ्रेमवाल्याला हे आधी सांगा.

सही आहे म्हणून चित्र हाताने केलेलं आहे असं मात्र समजू नका. कॅनव्हासवर छापलेल्या प्रतीवरही सही करता येते आणि वरून पारदर्शक जेलचे फटकारेही मारता येतात. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घेऊन पाहिलं तर फरक कळतो. छापील प्रतीत रंगाचे बारीक ठिपके दिसतात आणि जेलचे फटकारे खालच्या आकृतीशी जुळत नाहीत. या चित्रात पायरीची कड जिथे वळते तिथेच नाइफचा फटकाराही वळतो, कारण कड त्या फटकाऱ्यानेच तयार झाली आहे. कोणाकडूनही मूळ चित्र घेताना अशा एका जागेचा जवळून घेतलेला फोटो मागा. खरा विक्रेता तो आनंदाने देईल.

स्ट्रेचर म्हणजे फ्रेम नव्हे

स्ट्रेचर म्हणजे कॅनव्हास ज्यावर ताणून बसवतात ती मागची लाकडी चौकट. समोरून ती दिसत नाही. फ्रेम म्हणजे बाहेरून लावलेली सजावटीची चौकट, आणि ती या किमतीत नाही. इथे स्ट्रेचर दीड इंच जाड आहे आणि कॅनव्हास मागे दुमडून पिना मारल्या आहेत. कडांवरही चित्र रंगवत नेलं आहे, त्यामुळे फ्रेमशिवाय भिंतीवर लावलं तरी ते पूर्ण दिसतं. आम्हाला ते तसंच जास्त आवडतं. फ्रेम करायचीच असेल तर काच घालू नका. तैलरंगाला काचेची गरज नसते, आणि अजून पुरता न वाळलेला जाड रंग काचेला टेकला तर चिकटून बसतो.

स्ट्रेचरच्या आतल्या कोपऱ्यांत लहान लाकडी पाचरी आहेत. ओलावा बदलला की कॅनव्हास सैल पडतो, विशेषतः पावसाळ्यात कोकण-गोव्याकडे. अशा वेळी चारही कोपऱ्यांच्या पाचरी हलक्या हातोडीने थोड्या थोड्या आत ठोकल्या की तो पुन्हा ताणला जातो. कॅनव्हास आणि पाचर यांच्यामध्ये आधी जाड पुठ्ठा धरा, म्हणजे हातोडी निसटली तरी कॅनव्हासला लागणार नाही. मागून पाणी मारून कॅनव्हास ताणायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याने रंगाआधी कॅनव्हासवर दिलेला जेसोचा पाया आणि रंग दोन्ही बिघडतात.

गुंडाळून का नाही

पातळ, लवचिक रंगाचं चित्र गुंडाळता येतं आणि आम्हीही पाठवतो. त्यासाठी कॅनव्हास स्ट्रेचरवरून काढून 160 मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर गुंडाळतो, रंगाची बाजू बाहेर ठेवून. रंग आत ठेवला तर वळताना थर दाबला जातो, सुरकुत्या पडतात आणि रंग सुटून वर येतो. रंग बाहेर असला की तो किंचित ताणला जातो, आणि चित्र पुन्हा सपाट केल्यावर तो ताण निघून जातो. बारीक नळीत घट्ट गुंडाळलेलं चित्र आलं तर ते कुठूनही आलेलं असो, उघडताना थर तपासा.

मेणवलीच्या चित्राला हा मार्ग बंद आहे. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा, वर घट्ट आणि आत मऊ असलेला थर वाकवला की वरची साय तडकते. तो तडा नंतर भरून निघत नाही. ग्राहकाने जोखीम स्वीकारतो म्हटलं तरी आम्ही असं चित्र गुंडाळणार नाही.

यामुळे भाडं वाढतं, आणि किती ते आधीच सांगतो. हवाई मालासाठी बहुतेक कुरियर लांबी, रुंदी आणि उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार 5000 ने भागून "आकारमान वजन" काढतात. ते प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त भरलं तर भाडं त्यावर लागतं. हेच चित्र पाइपमध्ये गेलं असतं तर 85 × 20 × 20 ला 6.8 किलो झाले असते. पेटीत ते 105 × 75 × 15, म्हणजे 23.6 किलो होतं, जरी काट्यावर पेटी आठ-नऊ किलोच भरते. घाई नसेल तर रस्त्याने पाठवायला सांगा. सहसा ते बरंच स्वस्त पडतं.

पेटी कशी बांधतो

यामागचं सूत्र एकच, रंगाला कशाचाही स्पर्श होता कामा नये. स्ट्रेचर मागच्या बाजूने प्लायच्या तळाला पट्ट्या लावून स्क्रूने बसवतो, म्हणजे चित्र आत हलत नाही. भोवती लाकडी पट्ट्यांची कड असते, चित्रापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर उंच. तिच्यावर दुसरा प्लाय झाकण म्हणून येतो. चित्रासमोर नुसती हवा राहते, कागदही नाही. या प्लायच्या पेटीला बाहेरून प्लास्टिक, मग चारही बाजूंनी फोम आणि शेवटी जाड पुठ्ठ्याचं खोकं. सगळीकडे स्क्रूच वापरतो, कारण खिळे ठोकताना बसणाऱ्या हादऱ्यांनी जाड रंग सुटू शकतो.

परदेशी जाणाऱ्या मालात पेटीचं घन लाकूड उष्णतेची प्रक्रिया केलेलं आणि तसा शिक्का असलेलं लागतं. ते आम्ही करून घेतो, पण त्याला आठवडाभर जास्त धरा.

पेटी आल्यावर

सही करून ताब्यात घेण्याआधी खोक्याचे चारही कोपरे पाहा. दबलेलं किंवा फाटलेलं असेल तर कुरियरच्या पावतीवर तसं लिहा आणि फोटो काढा. विमा दावा करताना ही नोंद उपयोगी पडते. पेटी उभी ठेवा, आडवी नको. मे महिन्यात नागपूरसारख्या गावी ती तापलेल्या गाडीतून उतरली असेल तर लगेच उघडू नका. रात्रभर घरात राहू द्या, म्हणजे मऊ झालेला रंग पूर्ववत घट्ट होईल.

उघडताना कटर फक्त बाहेरच्या पुठ्ठ्याच्या चिकटपट्टीपुरता, तोही पातेभर न घालता. प्लाय स्क्रूड्रायव्हरने उघडा. चित्र बाहेर काढताना दोन्ही हातांनी स्ट्रेचरच्या कडा धरा. कॅनव्हासच्या मागे बोटं टेकवू नका, त्या दाबाने वर्षांनंतर समोर गोल तडे दिसू लागतात.

काही बिघडलेलं दिसलं तर 48 तासांत आम्हाला पेटीचे, पॅकिंगचे आणि चित्राचे फोटो पाठवा. रंगाचा तुकडा सुटून पेटीत पडला असेल तर तो कागदाच्या घडीत जपून ठेवा, स्वतः चिकटवू नका. कलाकाराला बहुतेक वेळा तोच तुकडा परत जागेवर बसवता येतो. पेटी आणि स्क्रू किमान महिनाभर टाकू नका. चित्र परत पाठवावं लागलं तर त्याच पेटीतून ते सुखरूप येईल.