पाळीव प्राण्यांची भांडी, ओटा आणि स्वयंपाकघरातले जंतू

कुत्र्या-मांजरांच्या खाण्यातून, भांड्यातून किंवा पंजातून माणसाच्या जेवणात जंतू जाऊ नयेत म्हणून घरात जी पथ्यं पाळतात ती या नोंदीत घेतली आहेत. मुख्य जंतू म्हणजे ताप आणि जुलाब आणणारा साल्मोनेला. कॅम्पिलोबॅक्टर वगैरेही असतात, पण भांड्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त तपासलं गेलंय ते साल्मोनेलालाच.

प्राण्यांसाठी तयार बिस्किटं साधारण १८६० च्या आसपास लंडनमधे विकायला आली असं धरतात, आणि आज आपण ज्याला ड्राय फूड म्हणतो ते यंत्रातून दाबून फुगवलेले दाणे १९५० च्या दशकात अमेरिकेत रुळले. ही पद्धत इथे समजून घ्यायलाच हवी. यंत्रात एवढी उष्णता असते की साल्मोनेला मरतो, पण दाणे बाहेर आल्यावर त्यांच्यावर चरबी आणि चवीचा थर फवारतात, आणि त्या टप्प्यावर कारखान्यातली धूळ किंवा ओल लागली की जंतू परत चिकटतात. कोरड्या दाण्यात ते वाढत नाहीत पण महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पाणी किंवा लाळ लागली की भांड्यातच वाढायला लागतात. वास बदलत नाही, रंग बदलत नाही, कुत्रा बहुतेक वेळा ठणठणीत असतो आणि तरी त्याच्या शीतून जंतू बाहेर पडत असतात.

अमेरिकेत २००६ ते २००८ मधे साल्मोनेलाच्या श्वार्झेनग्रुंड नावाच्या प्रकाराची साथ आली, तिची चौकशी या विषयात सगळ्यात महत्त्वाची मानावी लागेल. २१ राज्यांत ७९ रुग्ण सापडले आणि त्यातले जवळपास निम्मे दोन वर्षांचे किंवा त्याहून लहान. धागा पेनसिल्व्हेनियातल्या एका ड्राय फूडच्या कारखान्यापर्यंत गेला, न उघडलेल्या पिशव्यांतही तोच जंतू मिळाला. आता तान्ह्या बाळाला तो लागला कसा यावर मतं वेगळी आहेत. काहींच्या मते रांगणारं मूल सरळ भांड्यात हात घालतं, काहींच्या मते कुत्र्याचं चाटणं आणि शी हे खरं कारण. पण त्याच चौकशीत असं दिसलं की तान्ह्या बाळांच्या आजाराचा संबंध प्राण्याला स्वयंपाकघरात खायला घालण्याशी होता, म्हणून हात, सिंक आणि घासणी या वाटेचं पारडं जड वाटतं. ती वाट अशी: आई पिशवीत हात घालून दाणे काढते, भांडं ओट्याजवळ ठेवते, रात्री ते बाकीच्या भांड्यांबरोबर त्याच सिंकमधे त्याच घासणीने घासते आणि लगेच बाळाची बाटली धुवायला घेते. बाळाने कुत्र्याला हातही लावलेला नसतो.

म्हणून प्राण्याचं भांडं आणि त्याची घासणी वेगळी हवी, आणि शक्य असेल तर धुण्याची जागाही, म्हणजे बाथरूम किंवा बाल्कनीतला नळ. दाणे काढायला पिशवीत एक पळी कायमची ठेवावी, कुत्र्याचं भांडंच बुडवून दाणे काढू नयेत. भांडं स्टीलचं घ्यावं, प्लास्टिकला चरे पडतात आणि चऱ्यात थर बसतो. रिकाम्या भांड्यात बोट फिरवलं आणि बुळबुळीत लागलं, की तो जंतूंचा थरच असतो, तो नुसता विसळून जात नाही, साबणाने जोर लावून घासावा लागतो. नंतर स्टीलच्या भांड्यात उकळतं पाणी ओतून कोरडं करायचं. २०२२ मधे अमेरिकेतल्या ४१७ कुत्रेवाल्यांना विचारलं तेव्हा प्राण्यांचं खाणं आणि भांडी हाताळण्याच्या सरकारी सूचना माहीत असणारे शेकडा पाचसुद्धा निघाले नाहीत, म्हणजे हे कुणी सांगितलेलंच नसतं.

मांजर ओट्यावर चढणं हा वेगळा मुद्दा. लोक टॉक्सोप्लाझ्मा या गर्भाला अपाय करू शकणाऱ्या परजीवीला घाबरतात, गरोदर बाईच्या घरात तर जास्तच. पण मांजर हा परजीवी शीतून सहसा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे टाकतं, आणि ताज्या शीतून लागण होत नाही, त्याला एक ते पाच दिवस जावे लागतात. तेव्हा लिटर, म्हणजे मांजराच्या शीच्या पेटीतली वाळू, रोज, आणि गरोदर बाई सोडून दुसऱ्या कुणी काढलं तर हा धोका बराच उतरतो. मांजर घराबाहेर काढायची गरज नसते. ओट्यावरचा रोजचा प्रश्न म्हणजे लिटरमधून आलेले पंजे आणि तिथेच लाटलेली पोळी. मांजर चढलेला ओटा आधी साबणाच्या पाण्याने पुसायचा, मग एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा साधं ब्लीच घालून ते फिरवून आपोआप वाळू द्यायचं. पीठ किंवा तेलकटपणा राहिला तर ब्लीच त्यातच खर्च होतं, म्हणून हा क्रम उलटा करू नये. हे पाणी रोज नवीन करावं लागतं, आणि पोळपाट ओट्यावर उघडा न ठेवता कपाटात ठेवावा.

घरातल्या लहान मुलाला ताप आणि जुलाब झाले, विशेषतः शीमधे रक्त दिसलं, तर डॉक्टरांना घरात कुत्रं-मांजर आहे आणि ते काय खातं हे आपणहून सांगावं, आणि ड्राय फूडची पिशवी फेकून न देता बॅच नंबरासकट ठेवावी.