जर्मनची सबळ क्रियापदे: पाठांतराचे कप्पे कुठून आले

(जर्मन रूपे त्यांच्या स्पेलिंगच्या जवळ जाईल अशा देवनागरीत दिली आहेत.)

जर्मन क्रियापदांना ‘सबळ’ आणि ‘दुर्बळ’ ही नावे 1819 साली निघालेल्या एका व्याकरणग्रंथामुळे रूढ झाली. भूतकाळ दाखवायला बाहेरून ‘टे’ प्रत्यय घ्यावा लागतो ते दुर्बळ, आणि स्वतःचाच स्वर बदलून भागवते ते सबळ. पुढे शालेय पुस्तकांनी सबळ म्हणजे अनियमित असे धरले आणि घोळ झाला. डेंकेन–डाख्टे (विचार करणे) यात स्वर बदलतो, पण शेवटी ‘टे’ही येतो. ते अनियमित खरे, पण सबळ नाही. उलट सबळ क्रियापदांचा स्वरबदल एका फार जुन्या नियमातून आला आहे. तो नियम संस्कृत शिकलेल्या माणसाला ओळखीचा वाटेल.

बायसेन म्हणजे चावणे. हा धातू आणि संस्कृत भिद् हे मुळात एकच. संस्कृतात ‘त्याने फोडले’ हे बिभेद आणि ‘त्यांनी फोडले’ हे बिभिदुः. एकवचनात गुण, अनेकवचनात मूळ ह्रस्व इ. जुन्या जर्मनमध्येही तसेच होते: एकवचनी भूतकाळात संयुक्त स्वर, अनेकवचनात ह्रस्व इ. म्हणजे भूतकाळाला एक नव्हे, दोन स्वर होते. मध्ययुग संपता संपता, पुढच्या दोन-तीन शतकांत, यातला एकेक स्वर गळाला. बायसेनच्या गटात अनेकवचनाचा स्वर जिंकला आणि आज सगळीकडे बिस होते. झिंगेनच्या (गाणे) गटात मात्र एकवचनाचा झांग टिकला, अनेकवचनी झुंगेन मागे पडले. ते एका म्हणीत अजून आहे: ‘वी दी आल्टेन झुंगेन, झो त्स्विचर्न दी युंगेन’, म्हणजे थोरले जसे गात, तशीच पोरे किलबिलतात. तिथे यमकाने जुने रूप वाचवले.

वाद आहे तो कप्प्यांचा. जुन्या व्याकरणाने सात वर्ग केले होते. शिकणाऱ्याला ते जड जातात म्हणून पुस्तकांनी तीन केले: मूळ रूप, भूतकाळ आणि भूतकाळवाचक धातुसाधित या तिन्ही रूपांत स्वर वेगळा, शेवटची दोन सारखी, किंवा पहिले-तिसरे सारखे. माझ्या मते हा निर्णय चुकला. तिसऱ्या कप्प्यात फारेन–फूर–गेफारेन, फालेन–फील–गेफालेन आणि लेझेन–लास–गेलेझेन शेजारी येतात. एकाचा भूतकाळ पाठ असला तरी दुसऱ्याचा कळत नाही. मग कप्प्याचा उपयोग काय?

त्याऐवजी मूळ स्वर आणि त्यानंतरचे व्यंजन पाहावे. ‘आय’ स्वराची सबळ क्रियापदे घ्या. पुढे कठोर व्यंजन असेल तर भूतकाळात ह्रस्व इ: रायटेन–रिट, ग्रायफेन–ग्रिफ, बायसेन–बिस. मृदू असेल तर दीर्घ ई: श्रायबेन–श्रीब, श्टायगेन–श्टीग, शायनेन–शीन. याचे कारणही इतिहासातच आहे. जुन्या अनेकवचनात दोन्हीकडे ह्रस्व इ होती. नंतर मृदू व्यंजनापूर्वीची लांबली, कठोरापूर्वीची आखूड राहिली. श्नायडेन–श्निट आणि लायडेन–लिट फसवतात, पण तिथे भूतकाळात व्यंजनच कठोर होते आणि स्वर त्याच्यामागे जातो. हायसेन–हीस मात्र या गटाचेच नाही. त्याचे तिसरे रूप गेहायसेन, म्हणजे मूळ ‘आय’ तसाच राहतो, त्यावरून ते ओळखावे. त्सायगेन (दाखवणे) तर साधे दुर्बळ आहे. स्वर पाहून सबळ-दुर्बळ कळत नाही, तेवढे पाठ करावेच लागते.

झिंगेनचा गट याहून सोपा. बिंडेन, फिंडेन, ट्रिंकेन, श्प्रिंगेन: इ–आ–उ, एका दमात म्हणता येतात.

वर्तमानकाळातला बदल मात्र वेगळा आहे आणि तो या साच्यात कोंबू नये. ‘तू’ आणि ‘तो’च्या रूपांत हेल्फेनचे हिल्फ्ट होते आणि फारेनचे फेर्ट. वरवर दोन्ही सारखे दिसतात. पण ए चा इ हा जास्त जुना बदल आहे. पूर्वी ‘मी’च्या रूपातही इ होती, ती नंतर गेली. आ चा ए मात्र पुढच्या प्रत्ययातल्या इ मुळे झाला. तो प्रत्यय आज्ञार्थात नव्हताच. म्हणून ‘मदत कर’ हे हिल्फ, पण ‘गाडी चालव’ हे साधे फार. वर्तमानकाळात दोन्हींना एकच चौकट देणारी पुस्तके इथे वेगळी टीप देतात. हिल्फ आणि फार जोडीनेच पाठ केले तर त्या टिपेची गरज उरत नाही.