ग्रामपंचायत विकास आराखडा (नागपूर जिल्हा)

ग्रामपंचायत विकास आराखडा हा ग्रामपंचायतीने पुढच्या आर्थिक वर्षासाठी तयार केलेला आणि ग्रामसभेने मंजूर केलेला कामांचा दस्तऐवज आहे. गावाची गरज कोणती, ती कितव्या क्रमांकाची, तिला खर्च किती आणि ती कोणी पूर्ण करायची, या चार गोष्टी त्यात लिहिलेल्या असतात. कार्यालयात त्याला ‘जीपीडीपी’ म्हणतात, गावात नुसतं ‘आराखडा’. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३ छ मध्ये पंचायतींनी आर्थिक विकास व सामाजिक न्यायाच्या योजना तयार करण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात या कामाला ठरीव रूप आले ते २०१५ पासून, ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमामुळे. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी त्या वर्षापासून थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला होता आणि तो खर्च करायला आराखडा लागत होता.

नागपूर शहराच्या आसपासच्या गावांत या शब्दाचा हमखास घोळ होतो. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची जी विकास योजना आहे, ती जमिनीच्या वापराची: कुठे निवासी पट्टा, कुठे शेती, कुठे रस्त्याचे आरक्षण. ग्रामपंचायतीचा आराखडा कामांचा आणि पैशांचा आहे. हिंगणा किंवा कामठीकडच्या ग्रामसभेत ‘आराखड्यात माझा प्लॉट कोणत्या झोनमध्ये आहे’ असा प्रश्न आला, तर त्याचे उत्तर सरपंचाच्या कागदात सापडणार नाही.

जिल्ह्यात तेरा पंचायत समित्या आहेत आणि त्यांच्या अडचणी एकसारख्या नाहीत. उमरेड, सावनेर, पारशिवनी भागात कोळसा आणि मँगनीजच्या खाणी असल्याने तिथल्या बाधित गावांना जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे मागणी करता येते. काटोल-नरखेडमध्ये संत्र्याच्या बागा आणि त्यांच्या बोअरवेलमुळे भूजल खोल गेले आहे. कुही-भिवापूरच्या काही गावांत गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्याचे पाणी हा विषय आहे. नागपूर जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात येत नाही, म्हणून पेसा या अशा क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या कायद्याचा थेट निधी इथल्या आराखड्यात धरता येत नाही. रामटेकच्या आदिवासी गावांतही नाही, हे तिथल्या लोकांना दरवर्षी नव्याने सांगावे लागते.

आराखड्याची सुरुवात पैशांपासून करायची की गरजांपासून, यावर कर्मचाऱ्यांत दोन मते आहेत. कागदावरचा क्रम गरजांचा आहे: ग्राम संसाधन गट नेमायचा, शिवारफेरी काढायची, महिला सभा, बालसभा आणि वंचित घटकांची सभा घ्यायची, मग प्रारूप तयार करायचे, तालुक्याची छाननी समिती ते तपासते आणि शेवटी ग्रामसभा मंजुरी देते. पण किती पैसे येणार आहेत हे आधी फळ्यावर लिहिले नाही, तर बारा लाखांच्या पंचायतीचा आराखडा चार कोटींचा होतो. त्यातली कोणती कामे होतील हे मग ग्रामसभा ठरवत नाही, नंतर कोणीतरी बसून ठरवतो. पैसे आधी सांगावेत हेच मत इथे ग्राह्य धरले आहे.

पैशांचे गणित एका कल्पित गावावरून समजून घेऊ. हे गाव नरखेड तालुक्यात आहे आणि त्याची लोकसंख्या अठराशेच्या आसपास आहे. पुढचे सगळे आकडे उदाहरणापुरते आहेत. वित्त आयोगाचे वर्षाला १० लाख येतील असे धरू. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातल्या नियमानुसार यातले ६० टक्के बंधित होते: ३ लाख पिण्याच्या पाण्यासाठी, ३ लाख स्वच्छतेसाठी. उरलेले ४ लाख अबंधित, पण त्यातून पगार देता येत नव्हते. घरपट्टी-पाणीपट्टीचा स्वनिधी २ लाख ४० हजार. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे. ते ७२ हजार होतात. बाकीची रक्कम वीजबिल आणि कर्मचाऱ्यांतच जाते. म्हणजे गावाला खऱ्या अर्थाने स्वतः ठरवता येईल असा पैसा चार लाखांचा आहे. सिमेंट रस्त्याची मागणी घेऊन आलेल्या माणसाला हा आकडा पटवून देणे हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याचे (२०२४ पर्यंतचे नाव ग्रामसेवक) सगळ्यांत अवघड काम असते.

आता गरज. महिला सभेत पहिली मागणी येते ती नव्या बोअरची. लिहिणारा ‘नवीन बोअरवेल, साडेचार लाख’ असे लिहून मोकळा होतो, आणि आराखडा इथेच बिघडतो, कारण बोअर हा उपाय आहे, गरज नव्हे. एक बाई म्हणते, ‘नळाले पानी येते ना, पण आमच्या टोकाले येईस्तोवर संपते.’ हे वाक्य वहीत जसेच्या तसे लिहून घ्यावे, कारण निदान त्यातच आहे. दुसऱ्या दिवशी पाणी सुटण्याच्या वेळी वीस लिटरची बादली घेऊन दोन ठिकाणी उभे राहायचे. टाकीजवळच्या नळाला ती दीड मिनिटात भरली आणि वस्तीच्या शेवटच्या नळाला अकरा मिनिटे लागली, तर टाकीत पाणी आहे आणि वाटेत ते मुरते आहे किंवा वरच्या घरांत ओढले जाते आहे. नवा बोअर केला तरी शेवटच्या नळाची बादली अकरा मिनिटांतच भरेल. इथे लागतात ते दोन व्हॉल्व्ह, १८० मीटर पाईप आणि पाणी सोडण्याच्या पाळ्या. याचा अंदाज १ लाख ६० हजार.

हीच चाचणी एप्रिलमध्ये पुन्हा करावी. तेव्हा टाकीच अर्धी भरत असेल, तर विहीर खाली गेली आहे आणि ती वेगळी गरज आहे. त्यासाठी मे महिन्यात, पाणी तळाला असताना, गाळ उपसा ६० हजार. शाळेच्या छपरावरचे पाणी विहिरीजवळ जिरवण्याचे काम ८० हजार. पाण्याचे तीन लाख इथे संपले. भूजल कायद्यानुसार सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी खासगी विहीर किंवा बोअर घेण्यावर निर्बंध आहेत. संत्र्याचा भाव चांगला असलेल्या वर्षी हे निर्बंध कोणी पाळत नाही, आणि आराखड्यात ‘जबाबदार यंत्रणा: तहसील कार्यालय व भूजल सर्वेक्षण विभाग’ अशी बिनखर्चाची ओळ कोणी लिहीत नाही. ती लिहावी. आराखड्यात शून्य रुपयांची कामेही बसतात.

स्वच्छतेच्या तीन लाखांत लोकांना नाली हवी असते. नाली कुठे संपते, हा पहिला प्रश्न. वॉर्ड दोनची नाली नव्वद मीटर बांधून कोणाच्या तरी वावरात सोडली, तर पुढच्या वर्षी तक्रार त्या वावराच्या मालकाची येते. निकास नसेल तर शोषखड्डे बरे, असे प्रशिक्षणात शिकवतात, आणि ते बहुतेक ठिकाणी खरे आहे. पण जिल्ह्याच्या पश्चिमेकडची काळी माती पाणी धरून ठेवते. तिथे चार फुटांचा खड्डा पहिल्या पावसाळ्यात भरतो आणि मग डास त्यातच होतात. म्हणून आधी एक खड्डा खणून त्यात पाणी ओतावे आणि सकाळी पाहावे. पाणी तसेच असेल तर मुरूम लागेपर्यंत खाली जावे लागेल आणि दर खड्ड्यामागचा खर्च वाढेल. ही एका रात्रीची चाचणी न करता वीस खड्ड्यांचे अंदाजपत्रक केलेले आराखडे ढिगाने सापडतात.

चौथा स्तंभ, जबाबदार यंत्रणा, सगळ्यांत दुर्लक्षित. बहुतेक आराखड्यांत तिथे वरून खालपर्यंत ‘ग्रामपंचायत’ असेच लिहिलेले असते. आपल्या गावाची दुसरी मोठी मागणी पांदण रस्त्याची आहे, दोन किलोमीटर. खडीकरणाचा खर्च पंचायतीच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून काम रोजगार हमीत टाकायचे असे ठरते. पण पांदणीवर दोन्ही बाजूंनी धुरे सरकलेले आहेत आणि रुंदी बैलगाडीपुरतीही उरलेली नाही. अशा वेळी पहिली ओळ ‘खडीकरण’ अशी लिहिली, तर काम तीन वर्षे त्याच ओळीवर राहते. ते तीन टप्प्यांत फोडावे लागते: मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालय, अतिक्रमणासाठी तहसीलदार, आणि रस्ता मोकळा झाल्यावर मातीकामासाठी पंचायत समिती. रोजगार हमीत मजुरी आणि साहित्याचे प्रमाण ६०:४० ठेवावे लागते, त्यामुळे सगळी खडी-गिट्टी एकाच कामात घालताही येत नाही.

शाळेची वर्गखोली जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाची आणि बौद्ध वस्तीतले काम समाजकल्याण विभागाचे. वस्ती विकास योजनेचा स्वतःचा पाच वर्षांचा बृहत् आराखडा असतो. काम त्यात नसेल, तर ग्रामसभेने कितीही एकमताने ठराव केला तरी पैसे येत नाहीत. नळाच्या पाईपलाईनचेही तसेच. जलजीवन मिशनच्या मंजूर योजनेत तेच १८० मीटर आधीच असतील, तर एकाच कामावर दोन खर्च दिसतील. लेखापरीक्षक बाकी काही पाहो न पाहो, हे बरोबर शोधतो.

अंदाजपत्रक जिल्हा परिषदेचा कनिष्ठ अभियंता चालू दरसूचीवरून करतो. प्रारूपातले आकडे ढोबळ असतात आणि त्यांत १८ टक्के जीएसटी धरायचा राहून गेला, की दीड लाखाचे अंगणवाडीचे शौचालय १ लाख ७७ हजारांवर जाते. अशी चारपाच कामे झाली की शेवटचे काम आपोआप गळते, आणि ते बहुधा सगळ्यांत कमी बोलणाऱ्यांचे असते.

ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत सभा लावली, तर पहिली सभा तहकूब होणार हे सगळ्यांना आधीच माहीत असते. मग दुसऱ्या सभेत वीसबावीस माणसे आराखडा मंजूर करतात. कायद्याने त्यात चूक काही नाही. ग्रामसभेआधी महिला सभा घेणे बंधनकारक आहे. त्या सभेच्या इतिवृत्तातल्या किती मागण्या अंतिम यादीत वरच्या पाचांत आल्या, हे मोजले की कोणत्याही गावाच्या आराखड्याचा बराच अंदाज येतो.

मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराज प्रणालीवर चढवतात. तिथे नोंद नसलेल्या कामाचे देयक वित्त आयोगाच्या पैशातून निघत नाही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. पावसाळ्यात शाळेचे छप्पर उडाले तर पूरक आराखडा करून ग्रामसभेची पुन्हा मान्यता घ्यावी लागते. मागच्या वर्षीची अपूर्ण कामे नव्या आराखड्यात पुन्हा घ्यावी लागतात. ती घ्यायची राहिली, तर अर्धा टाकलेला पाईप जमिनीत राहतो आणि त्याचे बिल काढायला कामच सापडत नाही.