आवक-जावक एकाच बाजूला की समोरासमोर? गोडाऊनचा लेआउट ठरवण्याआधी एवढं वाचा

गोडाऊनचा नकाशा घेऊन येणारे बरेच ग्राहक पहिल्याच भेटीत विचारतात की यू लेआउट चांगला की सरळ, आणि नुसती बिल्डिंगची लांबी-रुंदी बघून याचं उत्तर आम्हाला देता येत नाही. उत्तर तुमच्या आवक-जावकीच्या रजिस्टरमध्ये असतं. कुठला माल किती वेळा हलतो आणि गाड्या कुठल्या वेळेला लागतात, या दोन गोष्टी कळल्या की निम्म्याहून जास्त निर्णय झाल्यातच जमा आहे. ते कसं बघायचं ते इथे एक उदाहरण घेऊन सांगतोय, तुमचे आकडे घालून तुम्ही स्वतःही करून बघू शकता.

आधी दोन्हीत फरक काय ते. यू लेआउटमध्ये माल उतरवायचे डॉक आणि भरायचे डॉक बिल्डिंगच्या एकाच भिंतीला असतात, माल आत जातो, रॅकमध्ये बसतो आणि वळून त्याच बाजूने बाहेर येतो. सरळ लेआउटमध्ये एका टोकाला आवक आणि समोरच्या टोकाला जावक, माल एका दारातून आत आणि पूर्ण बिल्डिंग पार करून दुसऱ्या दारातून बाहेर. कोपऱ्याचा प्लॉट असेल तर लगतच्या दोन भिंतींना डॉक देऊन एल आकाराचाही लेआउट होतो, पण त्याचं गणित या दोघांच्या मधेच कुठेतरी येतं म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.

फोर्कलिफ्ट किती पळते

समजा रॅकचा भाग ६० मीटर लांब आहे, रोज १२० पॅलेट येतात आणि १२० जातात. माल पूर्ण पॅलेटनेच येतो आणि पूर्ण पॅलेटनेच जातो, आणि आडवं अंतर दोन्हीकडे साधारण सारखंच पडतं म्हणून ते सोडून देऊ.

सरळ लेआउटमध्ये एखादं पॅलेट आवकेच्या टोकापासून १० मीटरवर ठेवलं तर ते जावकेच्या टोकापासून ५० मीटर लांब असतं, ४० वर ठेवलं तर २० मीटर. कुठेही ठेवा, दोन्ही अंतरांची बेरीज ६०च. फोर्कलिफ्टला दोन्ही वेळा रिकामं परतायचं असतं म्हणून एका पॅलेटमागे १२० मीटर, आणि दिवसाचे १४.४ किलोमीटर. म्हणजे या लेआउटमध्ये लांबीच्या दिशेने चांगली जागा आणि वाईट जागा असा फरकच उरत नाही, जास्त हलणारा माल कितीही विचार करून ठेवला तरी अंतर तेवढंच राहतं.

यू लेआउटमध्ये जागा डॉकपासून जितकी जवळ तितकी ती दोन्ही वेळेला जवळ. माल कसाही, जागा मिळेल तिथे ठेवला तर सरासरी अंतर ३० मीटर येतं, जाऊन-येऊन दोनदा म्हणजे परत १२० मीटरच. ही गोष्ट खूप जणांच्या लक्षात येत नाही. नुसते डॉक एका बाजूला आणले म्हणून काही वाचत नाही, माल हालचालीप्रमाणे लावला तरच वाचतं.

आता तो लावून बघू. जो माल ७० टक्के हालचाल करतो तो पुढच्या १२ मीटरमध्ये, २० टक्केवाला त्यामागच्या १८ मीटरमध्ये आणि उरलेला १० टक्केवाला मागच्या ३० मीटरमध्ये. या तीन पट्ट्यांच्या मध्यापर्यंतचं अंतर अनुक्रमे ६, २१ आणि ४५ मीटर, हालचालीच्या हिशोबाने सरासरी काढली तर १२.९ मीटर. एका पॅलेटमागे चार वेळा तेवढं अंतर, म्हणजे साधारण ५२ मीटर, दिवसाचे ६.२ किलोमीटर. १४.४ च्या जागी ६.२, आणि हे एकही रॅक न वाढवता.

पण तुमच्या मालात एवढी तफावत नसेल तर? पुढच्या पट्टीतला माल ७० ऐवजी ४० टक्केच हलतो आणि मधला व मागचा ३०-३० टक्के असं धरलं तर तेच अंतर ८९ मीटरच्या आसपास येतं. फायदा आहे, पण मग गर्दीचा विचार करून तो खरोखर हातात पडतो का ते बघावं लागतं, कारण बहुतेक फोर्कलिफ्ट त्याच पुढच्या १२ मीटरमध्ये फिरणार असतात आणि एकमेकांसाठी थांबणं सुरू झालं की वाचलेले मीटर थांबण्यात जातात. म्हणून पुढच्या पट्टीत गल्ल्या थोड्या रुंद ठेवणं आणि जास्त हलणारा माल एकाच गल्लीत न कोंबता चार-पाच गल्ल्यांत वाटून ठेवणं हे आम्ही जवळजवळ नेहमीच सुचवतो.

यू मध्ये अजून एक फायदा आहे, फोर्कलिफ्ट पॅलेट ठेवायला आत गेली की येताना जवळचंच दुसरं पॅलेट बाहेर घेऊन येऊ शकते, रिकामी परत येत नाही. मात्र त्यासाठी उतरवणं आणि भरणं एकाच वेळी चालू असावं लागतं, आणि नेमकी तीच गर्दीची वेळ असते, तेव्हा हा फायदा आणि गर्दी एकत्रच तोलायचे.

तुमचा माल पॅलेटने येऊन पेट्या-पेट्यांनी जात असेल तर हिशोब बदलतो. समजा एक पॅलेट पाच फेऱ्यांत बाहेर जातं. सरळ लेआउटमध्ये आता जावकेच्या जवळ माल ठेवण्याला अर्थ येतो. जावकेपासून ६ मीटरवर ठेवलं तर ठेवायची फेरी १०८ मीटरची पण काढायच्या पाच फेऱ्या मिळून फक्त ६०, एकूण १६८. यू मध्ये तेच पॅलेट ७२ मीटरमध्ये होतं. फरक फक्त ठेवायच्या एका फेरीतला, ९६ मीटरचा, आणि एका पॅलेटमागे काढायच्या फेऱ्या जितक्या वाढतील तितका तो फरक एकूण कामात कमी जाणवतो. त्यामुळे बारीक पिकिंग करणाऱ्या गोडाऊनला अंतराच्या जोरावर यू घ्या असं आम्ही आग्रहाने सांगत नाही.

गाड्या कधी लागतात

आमच्या मते हा अंतरापेक्षाही मोठा प्रश्न आहे. वरच्याच उदाहरणात एका गाडीत १५ पॅलेट धरली तर रोज ८ गाड्या उतरवायच्या आणि ८ भरायच्या. उतरवायला मोजणीसकट १ तास, भरायला चेकिंगसकट सव्वा तास. आवक सकाळी ८ ते १२ आणि जावक दुपारी ४ ते ८ असेल तर आवकेला २ डॉक लागतात, जावकेला ३, आणि उशिरा आलेल्या गाडीसाठी प्रत्येकी १ जास्तीचा धरायचा. सरळ लेआउटमध्ये हे ३ आणि ४ मिळून ७ डॉक झाले कारण एका टोकाचा रिकामा डॉक दुसऱ्या टोकाच्या कामाला येत नाही. यू मध्ये तेच ४ डॉक सकाळी उतरवतात आणि संध्याकाळी भरतात.

डॉकसमोरच्या जागेचंही तसंच आहे. एका वेळी ३ गाड्यांचा माल म्हणजे ४५ पॅलेट जमिनीवर, १.२ बाय १ मीटरच्या पॅलेटने ५४ चौरस मीटर, फिरायला जागा धरून साधारण दुप्पट. यू मध्ये ही एकच जागा दोन्ही वेळेला वापरता येते, माणसं आणि फोर्कलिफ्टसुद्धा तीच.

आता जावक सरकून सकाळी १० ते २ झाली असं समजा. १० ते १२ दोन्ही कामं एकत्र, ५ डॉक एकाच वेळी चालू आणि वर एखादा जास्तीचा, जमिनीवर आलेला माल आणि जाणारा माल शेजारी-शेजारी. इथे यू मधली सगळ्यात महाग चूक होते. नुकतं उतरवलेलं, अजून न तपासलेलं आणि जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद न झालेलं पॅलेट बाजूच्या गाडीत भरलं जातं. लगेच कळतही नाही, पण स्टॉकमध्ये खूण दिसते, सिस्टीममध्ये एका आयटमचा माल जास्त निघतो, दुसऱ्याचा कमी, आणि दोन्ही आयटम त्याच दिवशी डॉकवर असतात. अशा जोड्या वारंवार दिसायला लागल्या तर दोष मोजणाऱ्या माणसाचा नसून लेआउटचा असण्याची शक्यता जास्त. उपाय म्हणजे आवकेचे डॉक एका टोकाला, जावकेचे दुसऱ्या टोकाला आणि मधे पक्की रेलिंग. नुसता पिवळा पट्टा रंगवून भागत नाही, घाईत कोणी तो पाळत नाही.

दिवसभर दोन्ही कामं एकत्रच चालणार असतील आणि ग्राहकांच्या वेळा तुमच्या हातात नसतील, तर सरळ लेआउटचा विचार नक्की करा. आत येणारा आणि बाहेर जाणारा माल एकमेकांना भेटतच नाही, आणि याची किंमत फोर्कलिफ्टच्या मीटरपेक्षा जास्त असू शकते. माल काही तासच थांबून पुढे जाणार असेल, येणाऱ्या गाड्या मोठे कंटेनर आणि जाणाऱ्या छोट्या गाड्या असतील, किंवा आधी आलेला माल आधीच गेला पाहिजे म्हणून एका बाजूने भरून दुसऱ्या बाजूने काढायचे रॅक घेणार असाल, तरी सरळच बसतं. त्या रॅकमध्ये पॅलेट स्वतःच आवकेकडून जावकेकडे सरकत जातं, यू मध्ये ते बसवायचं तर एका बाजूने फोर्कलिफ्टला वळसा पडतो.

प्लॉट काय म्हणतो

कधीकधी सगळं गणित सरळच्या बाजूने येतं आणि प्लॉट नाही म्हणतो. मोठा ट्रेलर वळवून मागे घेऊन डॉकला लावायला डॉकच्या समोर ३५ ते ४० मीटर मोकळी जागा लागते. यू मध्ये ती एका बाजूला, सरळमध्ये दोन्ही बाजूंना, म्हणजे बिल्डिंग सोडून ७० ते ८० मीटर. रस्ताही दोन्हीकडून हवा, नाहीतर गाड्या बिल्डिंगला वळसा घालून मागे जातात आणि बाजूची जागाही रस्त्यात जाते. गेट दोन झाले की गेटवरची नोंद आणि माणसंही दोन ठिकाणी. पुढे वाढवायचं असेल तर यू मध्ये मागची भिंत मोकळी असते, सरळमध्ये दोन्ही टोकं डॉकने अडलेली असतात त्यामुळे फक्त बाजूला वाढता येतं.

एक छोटी गोष्ट जी नकाशावर दिसत नाही ती म्हणजे परत आलेला माल. डिलिव्हरीची गाडी परतीचा माल घेऊन जावकेच्या टोकाला येते आणि तपासणीचं टेबल आवकेच्या टोकाला असतं, मग तो माल जावकेच्याच कोपऱ्यात पडून राहतो. सरळ लेआउट घेत असाल तर जावकेजवळ परतीच्या मालासाठी जाळी लावलेली वेगळी जागा पहिल्या नकाशातच दाखवा.

आमच्याकडे येताना मागच्या तीन महिन्यांची माहिती आणा, प्रत्येक गाडी डॉकला लागली कधी आणि निघाली कधी, आणि आयटमप्रमाणे किती पॅलेट किंवा पेट्या आत आल्या व बाहेर गेल्या. गाडीच्या वेळा कुठे लिहिलेल्या नसतील तर निदान दोन आठवडे गेटवर वहीत लिहून घ्या, त्यात महिन्याचा शेवटचा आठवडा घ्या कारण खरी गर्दी बऱ्याच ठिकाणी तेव्हाच असते. प्लॉटच्या नकाशावर रस्ते कुठे आहेत आणि कुठल्या बाजूने ट्रेलर आत येऊ शकतो तेवढं पेनाने दाखवलं तरी पुरे, बाकीची मापं आम्ही जागेवर येऊन घेतो.